कॉलेजचं माहितीपत्रक एका पानात: भाचीसाठी कोर्स, जागा, कटऑफ, फी आणि तारखा कशा काढाव्यात?

प्रश्न: माझी भाची वरोऱ्याहून बारावी झाली, आता आमच्याकडे नागपूरला राहते. एमएचटी-सीईटीला 91 पर्सेंटाइल आहेत, ओबीसी आहे. इंजिनिअरिंगच्या एका खासगी कॉलेजचं ऐंशी-नव्वद पानांचं माहितीपत्रक हातात आहे. त्यातून कोर्स, जागा, कटऑफ, फी आणि तारखा असा एक पानाचा तक्ता मी तिला करून दिला. तर ती म्हणते, "मामा, यातून माझं काय होईल ते कळतच नाही." हे नीट कसं करायचं?

उत्तर:

तिचं म्हणणं बरोबर आहे. तुमचा तक्ता कॉलेजचा झाला, तिचा झाला नाही. माहितीपत्रकात "कॉम्प्युटर: 60 जागा, कटऑफ 86, फी 1,30,000" असं लिहिलेलं असतं आणि आपण ते जसंच्या तसं उतरवतो. या तिन्ही आकड्यांमधला एकही तिला थेट लागू होत नाही. सुविधा केंद्रावर कागद तपासायला बसलं की दर उन्हाळ्यात अशी पानं घेऊन आलेले पालक भेटतात. पान नीटनेटकं असतं, मेहनत दिसते, पण मुलगी किंवा मुलगा त्यात कुठेच नसतो.

म्हणून माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि कोऱ्या पानाच्या माथ्यावर आधी तिची माहिती लिहा. बारावी कुठल्या जिल्ह्यातून झाली, प्रवर्ग कोणता आणि त्याचे कुठले कागद आज हातात आहेत, कुटुंबाचं सगळ्या मार्गांनी मिळून वार्षिक उत्पन्न किती, मुलगी आहे, सीईटीचे पर्सेंटाइल आणि राज्य गुणवत्ता क्रमांक, आणि बारावीला भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-गणित यांची टक्केवारी. जेईई मेन दिली असेल तर तेही पर्सेंटाइल वेगळे लिहा, कारण अखिल भारतीय जागांसाठी ते चालतात. खालची प्रत्येक ओळ या माथ्याकडे बघून भरायची.

तुमच्या भाचीच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्या पहिल्याच मुद्द्यात दडली आहे. ती राहते नागपूरला, पण बारावी वरोऱ्याची, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातली. चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे 2011 पासून गोंडवाना विद्यापीठाकडे आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडे नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया राहिले. प्रवेशाच्या नियमात 'होम युनिव्हर्सिटी' ठरते ती बारावी जिथून झाली त्या ठिकाणावरून. सध्याचा पत्ता, आधार कार्ड, मामाचं घर यांचा त्याच्याशी संबंध नाही. त्यामुळे नागपूर विद्यापीठाशी संलग्न, स्वायत्त नसलेल्या कॉलेजात ती 'इतर विद्यापीठाची' विद्यार्थिनी धरली जाईल. वरोरा नागपूरपासून शंभरेक किलोमीटरवर आहे, पण नियमाच्या लेखी ते अमरावती किंवा पुण्याइतकंच 'बाहेरचं'. माथ्यावर लाल पेनाने लिहून ठेवा: होम युनिव्हर्सिटी गोंडवाना.

कोर्स

ही ओळ सोपी आहे, फक्त एक काळजी घ्या. माहितीपत्रकात कोर्सची यादी भरगच्च दिसते, कारण बी.टेक.च्या शाखांबरोबरच मायनर, ऑनर्स, पदविका, एमबीए असं सगळं एकाच पानावर मांडलेलं असतं. तुम्हाला हवी आहे ती फक्त अशी शाखा, जिचा चॉइस कोड सीईटी सेलच्या यादीत आहे. 'कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग' आणि 'कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग, डेटा सायन्स' या वेगळ्या शाखा असतात, कोड वेगळे, जागा वेगळ्या, कटऑफही वेगळा. चॉइस कोड सापडत नसेल तर ती शाखा पानावर घेऊ नका. यंदाच सुरू होणारी शाखा असेल तर नावापुढे 'नवीन' असं लिहा, म्हणजे पुढे कटऑफची जागा रिकामी का आहे हे तिला कळेल. आणि 'ट्यूशन फी माफी योजने'च्या जागांचा कोड वेगळा असतो, त्याच्या शेवटी T लागलेला असतो. तो स्वतंत्र ओळ म्हणून लिहा.

जागा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. माहितीपत्रकातला 60 हा आकडा म्हणजे मंजूर प्रवेशक्षमता. तिला ज्या जागांसाठी स्पर्धा करायची आहे त्या किती, हे त्या आकड्यातून पायरीपायरीने काढावं लागतं. खासगी विनाअनुदानित, अल्पसंख्याक नसलेलं, स्वायत्त नसलेलं एक कॉलेज धरून हिशेब करून दाखवतो. आकडे ढोबळ आहेत, पण रीत हीच.

साठपैकी 20 टक्के, म्हणजे 12 जागा संस्थास्तरावरच्या. लोक त्यांना मॅनेजमेंट कोटा म्हणतात. राहिल्या 48. कॉलेजने अखिल भारतीय जागा ठेवल्या असतील तर त्या 15 टक्क्यांपर्यंत असू शकतात, म्हणजे 9. उरल्या 39. या 39 महाराष्ट्राच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतल्या, म्हणजे कॅप राउंडच्या जागा. त्यांची वाटणी 70 टक्के होम युनिव्हर्सिटीच्या मुलांना आणि 30 टक्के बाहेरच्यांना. म्हणजे साधारण 27 आणि 12. तुमची भाची या 12 च्या खोलीत बसते.

आता या 12 मध्ये आरक्षण लावा. ओबीसीला 19 टक्के, म्हणजे सुमारे 2 जागा. त्यातल्या 30 टक्के मुलींसाठी, म्हणजे 1. खुल्या वर्गाकडे एसईबीसीचे 10 टक्के धरून सगळी आरक्षणं वजा केल्यावर 40 टक्के उरतात, म्हणजे 5 च्या आसपास, त्यात मुलींची एखाददुसरी. ओबीसी विद्यार्थिनी खुल्या जागांसाठीही गुणवत्तेवर पात्र असते, हे विसरू नका. बरेच पालक फक्त ओबीसीची ओळ बघतात आणि निम्मी संधी पानावरून गळते. तेव्हा तिच्यासाठीच्या जागा 5 अधिक 2, अशा सातेक. साठातल्या सात. तिला दिलेल्या पानावर 60 लिहिलं होतं, म्हणून तिला काही कळेना.

आता हेच कॉलेज स्वायत्त आहे असं समजा. तिथे होम आणि बाहेरचे असा भेद नसतो, 39 च्या 39 जागा राज्यस्तरावर जातात. ओबीसीच्या 7, खुल्या 15-16, म्हणजे तिच्यापुढे 22-23 जागा. स्पर्धक अर्थातच राज्यभरातले. पण वरोऱ्याच्या मुलीसाठी 'कॉलेज स्वायत्त आहे का' या एका प्रश्नाने जागांचं चित्र तिप्पट बदलतं. नागपुरात स्वायत्त कॉलेजं बरीच आहेत, त्यामुळे पानावर कॉलेजच्या नावापुढे 'स्वायत्त' किंवा 'संलग्न' हा शब्द यायलाच हवा.

कॉलेज अल्पसंख्याक असेल तर हा सगळा हिशेब बदलतो, कारण 51 टक्के जागा त्या समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी जातात. त्याशिवाय दिव्यांग आणि संरक्षण दलातल्यांच्या पाल्यांसाठी याच जागांमधून काही राखून ठेवल्या जातात. म्हणून वरची आकडेमोड समजून घेण्यापुरती ठेवा. पानावर उतरवायचे आकडे सीईटी सेल कॅप राउंडच्या आधी जाहीर करते त्या जागांच्या तक्त्यातून घ्या, ज्याला सगळे 'सीट मॅट्रिक्स' म्हणतात. त्यात रकाने असे दिसतील:

```
GOPENH  LOPENH  GOBCH  LOBCH
GOPENO  LOPENO  GOBCO  LOBCO
GOPENS  LOPENS  GOBCS  LOBCS
```

पहिलं अक्षर G म्हणजे सर्वसाधारण, L म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्ग. शेवटचं अक्षर H असेल तर होम युनिव्हर्सिटी, O असेल तर इतर विद्यापीठ, S असेल तर राज्यस्तर. तिच्यासाठी संलग्न कॉलेजात दुसरी ओळ, स्वायत्त कॉलेजात तिसरी. पहिली ओळ तिच्या कामाची नाही, आणि माहितीपत्रकातली बहुतेक चकचकीत आकडेवारी नेमकी पहिल्याच ओळीतली असते.

उतरवून झालं की बेरीज करून बघा. सगळे रकाने मिळून प्रवेशक्षमतेपेक्षा जास्त आकडा येत असेल तर ईडब्ल्यूएस किंवा फी माफीच्या जागा मिसळल्या आहेत. त्या दोन्ही मंजूर क्षमतेच्या वरच्या असतात, ईडब्ल्यूएसच्या 10 टक्के आणि फी माफीच्या 5 टक्के. कमी येत असेल तर एखादा रकाना सुटला आहे किंवा संस्थास्तरावरच्या जागा धरल्या नाहीत. ही बेरीज जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

कटऑफ

'पात्रता' आणि 'कटऑफ' या दोन गोष्टी पानावर वेगवेगळ्या ओळीत लिहा. माहितीपत्रकात 45 टक्के, मागासवर्गीय आणि ईडब्ल्यूएससाठी 40 टक्के असं जे छापलेलं असतं ती पात्रता. ती बारावीच्या संबंधित विषयांच्या गुणांची अट आहे आणि तिचा सीईटीच्या पर्सेंटाइलशी काही संबंध नाही. बारावीला 40 च्या खाली असेल तर 99 पर्सेंटाइल असूनही प्रवेश नाही. तुमच्या भाचीने ही पायरी ओलांडली आहे का, एवढंच 'हो' किंवा 'नाही' लिहा.

कटऑफ हा नियम नसतोच. गेल्या वर्षी त्या शाखेत, त्या रकान्यात, त्या फेरीत शेवटचा जो विद्यार्थी लागला, त्याचे पर्सेंटाइल म्हणजे कटऑफ. यात तीन गोष्टी आल्या, शाखा, रकाना आणि फेरी. त्यातली एक जरी लिहिलेली नसेल तर आकडा निरुपयोगी आहे. माहितीपत्रकातला "कटऑफ 86" हा बहुधा खुल्या वर्गाचा, होम युनिव्हर्सिटीचा आणि शेवटच्या फेरीचा असतो. तो बघून 91 वाली मुलगी निर्धास्त होते.

सीईटी सेलच्या संकेतस्थळावर गेल्या वर्षांच्या कटऑफ याद्या पीडीएफमध्ये मिळतात. नागपूर विभागातल्या कॉलेजांचे कोड 4 या आकड्याच्या मालिकेत असतात. Ctrl+F ने कॉलेजचं नाव शोधा आणि आधी 'होम युनिव्हर्सिटी' असं लिहिलेली ओळ वाचा. तिथे विद्यापीठाचं नाव असेल तर कॉलेज संलग्न, आणि 'Autonomous Institute' असं असेल तर स्वायत्त. प्रत्येक रकान्यात वरती गुणवत्ता क्रमांक असतो आणि खाली कंसात पर्सेंटाइल. दोन्ही उतरवा. परीक्षेला बसलेल्यांची संख्या दरवर्षी बदलते, त्यामुळे नुसत्या पर्सेंटाइलपेक्षा दोन्ही सोबत असले की तुलना जरा भरवशाची होते.

आता उदाहरणादाखल असं समजा, की आपल्या संलग्न कॉलेजात गेल्या वर्षी पहिल्या फेरीत हे आकडे होते: GOPENO 92.1, LOPENO 91.6, GOBCO 90.3, LOBCO 88.7. भाचीचे 91. खुल्या दोन्ही रकान्यांत ती थोडी खाली आहे, ओबीसीच्या दोन्ही रकान्यांत वर आहे. म्हणजे या शाखेत तिची आशा ओबीसीच्या त्या दोन जागांवर टिकून आहे. हे वाक्य जसंच्या तसं पानावर लिहा. त्याचा दुसरा अर्थ असा, की तिचं ओबीसीचं कागदपत्र वेळेत पूर्ण झालं नाही तर ती खुल्या वर्गात ढकलली जाईल आणि ही शाखा हातची जाईल. तारखांच्या ओळीत हा मुद्दा परत लागेल.

रिकामा रकाना दिसला तर तो शून्य समजू नका. कधी त्या रकान्यात जागाच नसते, कधी कोणी लागलेलं नसतं. पानावर 'नोंद नाही' असं लिहा. तसंच यादीत एक तिसरा भाग असतो, होम युनिव्हर्सिटीच्या जागा बाहेरच्या विद्यार्थ्यांना दिलेल्यांचा. होमचे विद्यार्थी संपल्यावर उरलेल्या जागा अशा उघडतात. तुमच्या भाचीसाठी तो भाग मुद्दाम बघा. एखाद्या कमी मागणीच्या शाखेत तिथे दोनचार आकडे दिसले, तर त्या शाखेत तिच्यासाठी सातपेक्षा जास्त जागा उघडू शकतात.

फेरीचंही तसंच. 2024-25 पर्यंत तीन कॅप फेऱ्या होत्या, 2025-26 मध्ये चार झाल्या. त्यामुळे 2024 ची तिसरी फेरी आणि 2025 ची तिसरी फेरी एकमेकांसमोर ठेवून "कटऑफ उतरला" किंवा "चढला" असं म्हणता येत नाही. एक 'शेवटची' होती, दुसरी नव्हती. तुलना करायचीच तर पहिल्या फेरीशी पहिली करा.

फी

माहितीपत्रकातला एक आकडा तीन भागांत फोडायचा: शिक्षण शुल्क, विकास शुल्क आणि बाकीचं. पहिले दोन भाग शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, तिथून ते पडताळता येतात. बाकीच्यात अनामत, वसतिगृह, बस असं काय काय येतं आणि ते कॉलेजकडूनच लिहून घ्यावं लागतं.

असं का फोडायचं, ते बघा. समजा 1,30,000 मध्ये शिक्षण शुल्क 1,14,000 आणि विकास शुल्क 16,000 आहे. 2024-25 पासून राज्य शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबातल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या मागास मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. भाचीचं घर त्या मर्यादेत असेल तर तिला विकास शुल्काचे 16,000 आणि बाकीचं, एवढंच भरायचं. त्याच घरातल्या ओबीसी मुलाला शिक्षण शुल्कात निम्मी सवलत, म्हणून 57,000 अधिक 16,000 मिळून 73,000. आणि हीच मुलगी संस्थास्तरावरच्या जागेवर गेली तर 1,30,000 पूर्ण. आकडा एक, उत्तरं तीन. तिच्या पानावर फक्त तिचं उत्तर लिहा आणि त्यापुढे अट लिहा: "कॅपमधून प्रवेश, उत्पन्नाचा दाखला, दरवर्षी महाडीबीटीवर अर्ज." अर्ज चुकला की सवलत त्या वर्षापुरती गेली, हे तिला आजच माहीत असावं.

उत्पन्नाच्या बाबतीत एक गोंधळ वारंवार होतो. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र आहे म्हणजे उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे असं लोक धरून चालतात. नॉन-क्रीमीलेअर ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न मोजत नाहीत. फीच्या सवलतीसाठी तहसीलदारांचा जो उत्पन्नाचा दाखला लागतो, त्यात सगळं उत्पन्न येतं. तिचे वडील नोकरीत असतील आणि आई शिक्षिका असेल, तर नॉन-क्रीमीलेअर मिळूनही फीची सवलत न मिळण्याची वेळ येऊ शकते. दोन्ही कागद वेगवेगळे बघा, मगच फीची ओळ भरा.

T कोडच्या फी माफी योजनेबद्दल माझं मत सांगतो. त्या जागा थोड्या असतात, कटऑफ बहुतेक ठिकाणी चढा असतो आणि एकदा तिथे प्रवेश घेतला की कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. ज्या मुलीला वरची माफी मिळणारच आहे, तिने पसंतीक्रमात T ला फार वर ठेवण्याचं पूर्वीइतकं कारण उरलेलं नाही. दरवर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज करायची कटकट नको असेल तर तेवढा फायदा जरूर आहे. ओबीसी मुलग्यांसाठी मात्र ती योजना आजही खूप मोलाची आहे.

तारखा

माहितीपत्रकातल्या तारखा दोन वेगळ्या मालकांच्या असतात. एक सीईटी सेलच्या: नोंदणी, कागदपत्र पडताळणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, पसंती अर्ज, वाटप, जागा स्वीकारणं आणि कॉलेजात हजर होणं. दुसऱ्या कॉलेजच्या स्वतःच्या: संस्थास्तरावरच्या जागांचे अर्ज. माहितीपत्रकात दुसऱ्या ठळक छापलेल्या असतात. पानावर दोन रंगांनी लिहा. सीईटी सेल वेळापत्रक बदलते, मुदत वाढवते, त्यामुळे कॉलेजच्या छापील पानावरून सेलच्या तारखा कधीच उतरवू नका. संकेतस्थळावरून घ्या आणि शेजारी "अमुक तारखेला पाहिलं" असं लिहा. शेवटच्या दिवसापुढे वेळही लिहा, कारण हजर होण्याची मुदत अनेकदा दुपारीच संपते.

मग या तारखांवरून मागे मोजत या. तिची आशा ओबीसीच्या दोन जागांवर आहे हे आपण पाहिलं, म्हणून खरी पहिली तारीख आहे कागदांची. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र त्या शैक्षणिक वर्षाच्या 31 मार्चपर्यंत वैध असावं लागतं. 2026-27 चा प्रवेश असेल तर 31 मार्च 2027. जुनं प्रमाणपत्र फाइलमध्ये दिसलं की लोक टिक मारतात, वैधतेची तारीख वाचत नाहीत. जात वैधता प्रमाणपत्रासाठी तिचा अर्ज चंद्रपूरच्या जिल्हा पडताळणी समितीकडे जाईल, नागपूरच्या नाही, कारण जातीचा दाखला तिकडचा असणार. नागपुरात राहून तिकडच्या चकरा माराव्या लागतील, तेव्हा वडिलांना आत्ताच कामाला लावा. वैधता हातात नसेल तर अर्जाची पावती चालते का आणि मूळ प्रमाणपत्र कधीपर्यंत द्यायचं, हे त्या वर्षीच्या सीईटी सेलच्या माहिती पुस्तिकेत शोधून पान क्रमांकासह लिहा. हे ऐकीव माहितीवर सोडू नका.

अजून एक नियम तारखांच्या शेजारीच लिहावा असा आहे, कारण तो कळायला उशीर झाला तर परतीची वाट नसते. 2025-26 च्या नियमानुसार पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली तर ती आपोआप 'फ्रीझ' होते, म्हणजे घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी एक लागली तरी तसंच, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. ती नाकारली तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पसंती अर्जाच्या तारखेपुढे तिच्या पहिल्या सहा पसंती नावानिशी लिहा, आणि त्या प्रत्येकीवर "हीच लागली तर जाशील का?" असं तिला विचारा. "बघू" असं उत्तर आलं तर ती पसंती पहिल्या सहांत नको. यंदाचा नियम हाच आहे का, हे पुस्तिकेत ताडून घ्या.

तयार झालेली एका शाखेची नोंद साधारण अशी दिसेल. आकडे वरच्या उदाहरणातलेच आहेत:

कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग, चॉइस कोड अमुक. कॉलेज संलग्न, तुझ्यासाठी 'इतर विद्यापीठ'. मंजूर 60, तुझ्या रकान्यांत साधारण 7: खुल्या 5, ओबीसी 2. गेल्या वर्षी पहिली फेरी: GOPENO 92.1, LOPENO 91.6, GOBCO 90.3, LOBCO 88.7, तुझे 91. ओबीसीतून शक्यता आहे, खुल्यातून कमी. फी तुला विकास शुल्क 16,000 आणि इतर, दाखला आणि महाडीबीटी अर्ज असेल तर. नसेल तर 1,30,000 आणि इतर. नॉन-क्रीमीलेअर 31 मार्च 2027 पर्यंत वैध हवं, वैधतेची पावती पडताळणीच्या दिवसाआधी. स्रोत: सीट मॅट्रिक्स, कटऑफ यादी, शुल्क प्राधिकरण, पाहिल्याची तारीख.

एका कॉलेजातल्या तिला आवडणाऱ्या तीनचार शाखा अशा लिहिल्या की पान भरतं. सगळ्या शाखा कोंबू नका. ज्या शाखेत ती जाणारच नाही, तिची ओळ लिहून पान गर्दीचं करण्यात अर्थ नाही.

पान पुरं झालं की कॉलेजच्या प्रवेश कक्षात फोन करून तीन गोष्टी विचारा: यंदा या शाखेला किती जागांची मान्यता आली आहे, शिक्षण व विकास शुल्क सोडून पहिल्या वर्षी अजून काय भरावं लागतं, आणि माफीस पात्र मुलीकडून प्रवेशाच्या दिवशी नेमकी किती रक्कम घेता. शक्य असेल तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ईमेलवर मागा. त्या दिवशी काउंटरवर उभं राहून वाद घालण्यापेक्षा हातात लिहिलेलं उत्तर असलेलं बरं, विशेषतः हजर होण्याची मुदत दुपारी संपत असेल तेव्हा.